स्लाइडवरची तिसरी ओळ : टी-टेस्ट की झेड-टेस्ट?

(सुरुवातीचं संगीत, मग निवेदन)

आजच्या भागात थोडं गणित आहे. गाडी चालवत ऐकत असाल तर आकडे लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. सूत्रं आणि आकडेमोड या लिखित संहितेत दिलेली आहे, घरी पोचल्यावर निवांत बघा.

आपल्या एका श्रोत्या ताईंनी प्रश्न पाठवला होता. त्यांची मुलगी हायस्कूलमध्ये एपी स्टॅटिस्टिक्स घेते आहे. वर्गात हायपोथेसिस टेस्टिंगच्या पायऱ्यांची एक स्लाइड दाखवली होती, ती घेऊन मुलगी आईकडे आली. ताईंनी स्वतः महाराष्ट्रात असताना कॉलेजात संख्याशास्त्र केलेलं. त्यांनी चटकन सांगितलं, "सोपं आहे गं, नमुना तीसच्या वर असला की झेड, तीसच्या खाली असला की टी." मुलगी म्हणाली, "आई, आमच्या बाई म्हणतात चाळीस असले तरी टीच." आणि गंमत म्हणजे त्या स्लाइडच्या एका कोपऱ्यात आईचा नियमही होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाईंचाही. ताईंचा प्रश्न असा, की खरं काय धरायचं?

आज एवढंच उलगडू. आधी ती स्लाइड वाचू. अशा बहुतेक स्लाइडवर साधारण सात ओळी असतात.

१. परिकल्पना मांडा.
२. सार्थकता पातळी ठरवा.
३. चाचणी निवडा.
४. अटी तपासा.
५. चाचणीचा आकडा काढा.
६. पी-व्हॅल्यू काढा किंवा तक्त्यातली सीमा बघा.
७. निष्कर्ष लिहा.

आणि तिसऱ्या ओळीखाली बारीक अक्षरात असं काहीतरी:

```
σ known    →  z
σ unknown  →  t
n ≥ 30     →  z
```

ताईंच्या घरातला वाद या तीन बारीक ओळींतला आहे. सिग्मा माहीत नाही आणि नमुना चाळीसचा आहे, तर दुसरी ओळ सांगते टी आणि तिसरी सांगते झेड. दोन्ही एकदम कशा पाळायच्या?

उत्तर शोधायला एक उदाहरण घेऊ. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक काकू दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. पोह्याच्या चिवड्याच्या पाकिटावर वजन छापलंय ४०० ग्रॅम. पाकिटं भरायला त्यांनी एक छोटं यंत्र घेतलंय. काकूंना शंका आली की यंत्र नीट भरत नाहीये. वजन कमी भरलं तर गिऱ्हाइकाची फसवणूक, आणि जास्त भरलं तर काजू-खोबऱ्याचे पैसे आपल्या खिशातून. यंत्र थांबवून परत जुळवायचं तर अर्धा दिवस जातो, आणि दिवाळीच्या आठवड्यात अर्धा दिवस म्हणजे काही थोडका वेळ नाही. म्हणून उगाच थांबवायचं नाही, पण खरंच बिघाड असेल तर चालूही ठेवायचं नाही.

आता पहिली ओळ. शून्य परिकल्पना, म्हणजे नल हायपोथेसिस: यंत्र भरतं त्या सगळ्या पाकिटांची खरी सरासरी ४०० ग्रॅम आहे. पर्यायी परिकल्पना: ती ४०० नाही, कमी असेल किंवा जास्त असेल. काकूंना दोन्ही बाजूंची काळजी आहे, म्हणून ही दोन्ही बाजूंची चाचणी. इथे मुलं एक चूक हमखास करतात. परिकल्पनेत ती नमुन्याची सरासरी लिहितात. नमुन्याची सरासरी तर आपण वजन करून बघणारच आहोत, तिच्याबद्दल शंका कसली? शंका आहे ती न पाहिलेल्या सगळ्या पाकिटांबद्दल. म्हणून तिथे ग्रीक अक्षर म्यू लिहायचं.

```
H0: μ = 400
Ha: μ ≠ 400
```

दुसरी ओळ, सार्थकता पातळी. काकूंनी ठरवलं ५ टक्के. याचा अर्थ असा, की यंत्र ठणठणीत असताना आपण ते उगाच थांबवलं, असं शंभरात पाच वेळा झालं तर चालेल, त्याहून जास्त नको. हा आकडा पाकिटं तोलायच्या आधी ठरवायचा. आधी उत्तर बघून मग पातळी ठरवली तर ती पातळी राहत नाही, सोयीचा निर्णय होतो.

मग काकूंनी दिवसभरातल्या पाकिटांतून चिठ्ठ्या टाकून नऊ पाकिटं निवडली आणि तोलली. ग्रॅममध्ये वजनं अशी आली: ३७९, ३८४, ३९०, ३९२, ३९५, ३९७, ३९८, ४०३, ४०८. यांची सरासरी ३९४. म्हणजे सहा ग्रॅम कमी.

सहा ग्रॅम हा फरक मोठा की छोटा? एकट्या सहाकडे बघून हे कळत नाही. पाकिटं एरवी किती कमी-जास्त होतात त्यावर ते अवलंबून आहे. प्रत्येक पाकीट एक-दोन ग्रॅमच इकडेतिकडे होत असेल तर सरासरीत सहाची तूट म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलं. प्रत्येक पाकीट तीस-चाळीस ग्रॅम हलत असेल तर नऊ पाकिटांच्या सरासरीत सहा ग्रॅम सहज सुटतात. हे हलणं मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन, स्टँडर्ड डेव्हिएशन. यंत्राच्या सगळ्या पाकिटांचं जे खरं प्रमाण विचलन, ते सिग्मा. आपण तोललेल्या नऊ पाकिटांवरून काढलेलं, ते एस.

आपल्या नऊ पाकिटांचा एस येतो ९ ग्रॅम. नमुन्याच्या सरासरीचं हलणं काढायला याला नऊच्या वर्गमुळाने, म्हणजे तीनने भागायचं. आले ३ ग्रॅम. सरासरी सहा ग्रॅमने कमी, आणि तिचं नेहमीचं हलणं तीन ग्रॅम. सहा भागिले तीन, दोन. म्हणजे आपली सरासरी अपेक्षित जागेपासून दोन पावलं खाली आहे.

```
s / √n = 9 / √9 = 3
(394 − 400) / 3 = −2.0
```

आता या उणे दोनला टी म्हणायचं की झेड? भागाकार तोच, उत्तर तेच. फरक पुढच्या ओळीत पडतो, जेव्हा आपण तक्त्यात बघतो की दोन पावलं म्हणजे फार की नाही. झेडच्या तक्त्यात ५ टक्क्यांची सीमा आहे १.९६. आपले दोन त्याच्या पलीकडे गेले, म्हणजे यंत्र थांबवा. टीच्या तक्त्यात नऊ पाकिटांसाठी सीमा आहे २.३०६. आपले दोन त्याच्या आतच राहिले, म्हणजे यंत्र थांबवण्याइतका पुरावा नाही. पी-व्हॅल्यूत सांगायचं तर झेडने सुमारे ०.०४६ येते आणि टीने सुमारे ०.०८. पाकिटं तीच, आकडा तोच, आणि निर्णय उलटे. म्हणून तिसरी ओळ घाईने ओलांडायची नाही.

(लहान संगीत)

आता खरा प्रश्न. टीचा तक्ता जास्त पावलं का मागतो?

ही गोष्ट सुरू होते डब्लिनमध्ये, गिनेस कंपनीत. विल्यम सीली गॉसेट नावाचा माणूस १८९९ पासून तिथे काम करत होता. बियर बनवायची तर बार्ली, हॉप्स यांची पारख करावी लागते, आणि प्रत्येक वाणाचे प्रयोग काही शेकड्यांनी होत नसत. चार-पाच-दहा मोजमापांवर निर्णय घ्यायचा. त्या काळची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी होती. त्यांत एस हाच जणू सिग्मा आहे असं धरून पुढे जायची पद्धत होती. गॉसेटला शंका आली की चार मोजमापांवरून काढलेला एस इतका विश्वासाचा नाही.

त्याने काय केलं, ऐका. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांचा एक संग्रह प्रसिद्ध झालेला होता. ते आकडे त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, पत्ते पिसावेत तसे पिसले, आणि चार-चारचे गठ्ठे पाडले. असे ७५० गठ्ठे झाले. प्रत्येक गठ्ठा म्हणजे चार जणांचा एक नमुना. तीन हजारांची खरी सरासरी त्याला माहीत होती. मग प्रत्येक गठ्ठ्याची सरासरी त्या खऱ्या सरासरीपासून, त्या गठ्ठ्याच्याच प्रमाण विचलनाच्या मापाने, किती लांब पडते ते त्याने मांडून बघितलं, आणि कागदावर काढलेल्या आपल्या सूत्राशी ते ताडून पाहिलं. १९०८ मध्ये त्याचा लेख "बायोमेट्रिका" या नियतकालिकात आला. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लेख छापू देत नसे, म्हणून लेखकाचं नाव दिलं होतं "स्टुडंट". पुस्तकात "स्टुडंट्स टी" असं वाचून मुलांना वाटतं की हे विद्यार्थ्यांसाठी केलेलं काहीतरी सोपं रूप आहे. तसं नाही, ते त्या माणसाचं टोपणनाव आहे.

पुठ्ठ्यांच्या त्या खेळात मुद्दा कुठे आहे ते बघा. चार पत्ते ओढले की कधीकधी योगायोगाने चारही जवळजवळचे येतात. मग त्यांचा एस फार लहान निघतो. आपल्या भागाकारात एस खाली असतो. खालचा आकडा लहान झाला की उत्तर फुगतं. सरासरी फारशी चुकलेली नसतानाही चार-पाच पावलं दूर आहे असं दिसायला लागतं. म्हणजे डगमगणाऱ्या गोष्टी दोन आहेत. वरची सरासरी तर डगमगतेच, पण जिच्यावर उभं राहून आपण मोजतो ती फूटपट्टीही डगमगते. झेडचा तक्ता असं धरून बनलेला आहे की फूटपट्टी पक्की आहे. टीचा तक्ता फूटपट्टीचं डगमगणंही हिशेबात घेतो, म्हणून सीमा थोडी लांब ठेवतो.

किती लांब? ते नमुन्याच्या आकारावर ठरतं. पाच पाकिटं असतील तर सीमा २.७७६. नऊ असतील तर २.३०६. तीस असतील तर २.०४५. शंभर असतील तर १.९८४. नमुना वाढत गेला की एस हा सिग्माच्या जवळ जातो, फूटपट्टी स्थिर होते, आणि सीमा सरकत सरकत १.९६ ला टेकते. टीच्या तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीत अनंताचं चिन्ह असतं ना, ती ओळ म्हणजे झेडच.

तक्ता वाचताना एक लक्षात ठेवा. त्यात नमुन्याचा आकार नसतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम असते, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. एका सरासरीच्या चाचणीत ती नमुन्यापेक्षा एकने कमी. नऊ पाकिटं, तर आठची ओळ बघायची. कारण सरासरीपासूनचे नऊ फरक मिळून शून्य व्हायलाच हवेत. आठ कळले की नववा आपोआप ठरतो. एस काढताना नऊने न भागता आठने भागतात, तेही याच कारणाने.

आता आपण नियम एका वाक्यात सांगू शकतो. तिसऱ्या ओळीवर आलात की स्वतःला एकच विचारा: हलण्याचा आकडा कुठून आला? ज्या नमुन्याची परीक्षा चालली आहे त्याच नमुन्यातून काढला, तर टी. नमुन्याच्या बाहेरून, आधीपासून पक्का माहीत होता, तर झेड.

काकूंच्या उदाहरणातच हे फिरवून बघू. समजा हेच यंत्र एका मोठ्या कारखान्यात आहे. तिथे वर्षानुवर्षं रोज पाकिटं तोलून नोंद ठेवलेली आहे. हजारो पाकिटांवरून माहीत आहे की यंत्राची सरासरी जुळवणीनुसार वरखाली होते, पण हलणं कायम ९ ग्रॅमच राहतं. आता तीच नऊ पाकिटं, तीच ३९४ ची सरासरी. पण खाली जो ९ घालायचा तो नोंदवहीतून आलाय, त्या नऊ पाकिटांतून नाही. फूटपट्टी पक्की आहे. इथे झेडच वापरायचा, सीमा १.९६, आणि यंत्र थांबवायचं. काकूंना जे म्हणता आलं नाही ते कारखान्याला म्हणता आलं, कारण कारखान्याकडे जास्तीची माहिती होती. यात काही विरोधाभास नाही.

मात्र ती नोंदवही याच यंत्राची, याच मालाची हवी. बारीक शेवेच्या पाकिटांचा सिग्मा चिवड्याला लावला तर तो माहीत असलेला सिग्मा नव्हे, तो उसना आणलेला सिग्मा. रोजच्या व्यवहारात खरा सिग्मा माहीत असणं फार क्वचित घडतं. ज्याला यंत्राची सरासरीच ठाऊक नाही, त्याला तिचं हलणं मात्र अचूक ठाऊक आहे, असं किती वेळा होणार? म्हणून सरासरीबद्दलचा प्रश्न असला की एपीच्या वर्गात जवळजवळ नेहमी टीच शिकवतात. परीक्षेच्या गणितात मात्र शब्द नीट वाचायचे. "समष्टीचं प्रमाण विचलन ९ आहे असं माहीत आहे" म्हटलं असेल तर झेड. "नमुन्याचं प्रमाण विचलन ९ आलं" म्हटलं असेल तर टी. एका शब्दाचा फरक, पण उत्तर त्यावर फिरतं.

(लहान संगीत)

मग आईच्या तीसचं काय? तो आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. पण तो दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिलं ठिकाण म्हणजे छापील तक्ता. संगणक नव्हता तेव्हा पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यावरच सगळं चालायचं. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या प्रसिद्ध पुस्तकात टीच्या तक्त्याच्या ओळी एकपासून तीसपर्यंत जातात आणि मग एकदम अनंत. पुढे पुष्कळ पुस्तकांनी तीच धाटणी ठेवली. तीसच्या पुढे ओळच नाही, तर विद्यार्थ्याने करायचं काय? अनंताची ओळ वापरायची, म्हणजेच झेड. फरक थोडाच पडतो, म्हणून ते चालून गेलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत तर "मोठ्या नमुन्याच्या चाचण्या" आणि "छोट्या नमुन्याच्या चाचण्या" असे दोन वेगळे धडेच असायचे. ताईंनी पाठ केलेला नियम तिथला. तो खोटा नव्हता, ती कामचलाऊ सोय होती.

ही सोय किती महाग पडते तेही बघू. यंत्र ठणठणीत आहे, पाकिटांची वजनं नेहमीसारखी घंटेच्या आकारात पसरलेली आहेत, आणि आपण एस घेऊन झेडची सीमा लावली. आपण समजतो की उगाच थांबवायची शक्यता ५ टक्के आहे. पाच पाकिटांवर ती खरं तर सुमारे १२ टक्के होते. नऊ पाकिटांवर साडेआठच्या आसपास. तीस पाकिटांवर सुमारे ६. म्हणजे तीसला नुकसान थोडंच आहे, पण शून्य नाही. आज कॅल्क्युलेटर कुठल्याही आकाराच्या नमुन्यासाठी टीची किंमत क्षणात देतो. मग सोयीसाठी चूक का पत्करायची? सिग्मा माहीत नसेल तर चाळीसला टी, चारशेलाही टी. चारशेला दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखीच येतील, त्यामुळे टी वापरून काही बिघडत नाही.

तीस येण्याचं दुसरं ठिकाण म्हणजे स्लाइडची चौथी ओळ, अटी तपासा. टी-टेस्टला दोन गोष्टी लागतात. नमुना निवडताना पक्षपात नको, आणि नमुन्याच्या सरासरीचं वाटप घंटेच्या आकाराच्या जवळपास हवं. मूळ वजनंच घंटेच्या आकारात पसरलेली असतील तर दुसरी अट छोट्या नमुन्यालाही पुरी होते. तशी नसतील, तर नमुना मोठा लागतो, कारण सरासऱ्या घेत गेलं की वेडावाकडा आकारही हळूहळू घंटेकडे सरकतो. "तीस पुरेत" हा ढोबळ अंदाज या अटीसाठी आहे. म्हणजे तीस हा आकडा चौथ्या ओळीतला आहे, आणि स्लाइड करणाऱ्याने तो तिसऱ्या ओळीत नेऊन बसवला. टी की झेड हे तीस ठरवत नाही. आपली टी-टेस्ट कितपत भरवशाची, हे सांगायला तो मदत करतो.

काकूंची नऊ पाकिटं तीसपेक्षा बरीच कमी आहेत. म्हणून त्यांनी वजनं एका रेघेवर ठिपक्यांनी मांडून बघायची. आपले आकडे ३७९ पासून ४०८ पर्यंत बऱ्यापैकी पसरलेत, एखादं पाकीट एकटंच कुठेतरी लांब पडलेलं नाही. चालेल. पण समजा एक पाकीट ३२० ग्रॅमचं निघालं असतं, तर आकडेमोडीला बसायच्या आधी जाऊन बघायचं की ते पाकीट फाटलंय का, की काटा शून्यावर आणायचा राहिला होता. नऊंत एक आकडा असा निघाला तर तो सरासरीही ओढतो आणि एसही फुगवतो. आणि चिठ्ठ्या न टाकता सकाळच्या एकाच घाण्यातली नऊ पाकिटं उचलली असती, तर ही चाचणी फक्त त्या घाण्याबद्दल बोलली असती. हा दोष टीनेही सुटत नाही आणि झेडनेही नाही.

आता शेवटची ओळ, निष्कर्ष. काकूंच्या चाचणीत टी उणे दोन आला, सीमा २.३०६, पी-व्हॅल्यू सुमारे ०.०८. पाच टक्क्यांपेक्षा जास्त. मुलं इथे लिहितात, "शून्य परिकल्पना सिद्ध झाली, सरासरी ४०० आहे." असं लिहायचं नाही. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून माणूस निर्दोष असल्याचा दाखला मिळतो असं नाही ना, तसंच हे. लिहायचं असं: "५ टक्के सार्थकता पातळीवर यंत्राची सरासरी ४०० ग्रॅमपेक्षा वेगळी आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही." आणि वाक्यात ग्रॅम, यंत्र, पाकीट हे शब्द यायला हवेत. नुसतं "परिकल्पना नाकारता येत नाही" एवढंच लिहून थांबलात तर परीक्षेत गुण जातात, आणि काकूंनाही काही कळत नाही.

काकूंना उपयोगी पडेल असं आणखी एक वाक्य याच आकड्यांतून निघतं. २.३०६ गुणिले ३, म्हणजे सुमारे ६.९. ३९४ च्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर ठेवा.

```
394 ± 2.306 × 3  →  387.1 … 400.9
```

म्हणजे खरी सरासरी साधारण ३८७ ते ४०१ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. ४०० या पट्ट्यात बसतं, म्हणून ते नाकारता आलं नाही. पण ३८८ सुद्धा बसतं! बारा ग्रॅम कमी भरत असण्याची शक्यताही अजून संपलेली नाही. नऊ पाकिटांनी एवढंच सांगितलं.

मग काकूंनी करायचं काय? अजून चार पाकिटं तोलून बघू, नाही जमलं तर अजून चार, असं सीमा ओलांडेपर्यंत करत राहायचं नाही. तसं केलं की ठणठणीत यंत्रही कधी ना कधी दोषी ठरतंच. आधीच ठरवायचं, की उद्या नव्याने चिठ्ठ्या टाकून २५ पाकिटं तोलायची आणि एकदाच निर्णय घ्यायचा. समजा उद्याची सरासरी आली ३९६ आणि एस आला ८. पंचविसाचं वर्गमूळ पाच, आठ भागिले पाच १.६. चार ग्रॅमची तूट भागिले १.६, म्हणजे अडीच पावलं. चोवीसच्या ओळीतली सीमा २.०६४. आता मात्र यंत्र थांबवायचं. बघा, कालच्यापेक्षा तूट कमी आहे, सहाऐवजी चार. तरी पुरावा जास्त भक्कम आहे, कारण पाकिटं जास्त आहेत.

जाता जाता एक अपवाद सांगतो, कारण तो त्याच स्लाइडच्या पुढच्या पानावर येतो. प्रश्न सरासरीचा नसून टक्केवारीचा असेल तर झेड वापरतात. समजा दरवर्षी काकूंच्या गिऱ्हाइकांपैकी १० टक्के लोक कमी तिखट चिवडा मागतात. यंदा १०० जणांना विचारलं तर १६ जणांनी मागितला. आवड बदलली का?

```
√(0.10 × 0.90 / 100) = 0.03
(0.16 − 0.10) / 0.03 = 2.0
```

इथेही दोनच पावलं आली, पण सीमा १.९६ चीच. का? आपलाच प्रश्न विचारा: हलण्याचा आकडा कुठून आला? तो नमुन्यातून काढलेला नाही. होय किंवा नाही अशा उत्तरात टक्केवारी कळली की तिचं हलणंही आपोआप कळतं, आणि ती १० टक्क्यांची किंमत शून्य परिकल्पनेनेच आपल्या हातात दिली आहे. डगमगणारी फूटपट्टी इथे नाही. अट मात्र वेगळी: परिकल्पनेप्रमाणे अपेक्षित "होय" आणि अपेक्षित "नाही" दोन्ही निदान दहा-दहा हवेत. इथे ते १० आणि ९० आहेत, म्हणजे जेमतेम बसलं.

तर ताई, तुमच्या मुलीच्या बाईंचं बरोबर आहे. चाळीस असले तरी टीच. आणि तुमचा तीसही वाया गेला नाही, त्याची जागा फक्त एक ओळ खाली आहे. स्लाइडची प्रिंट काढली असेल तर पेन्सिलीने तिसरी बारीक ओळ खोडा, आणि तिथे लिहून ठेवा: "हलण्याचा आकडा कुठून आला?"

एक छोटं गणित घरी करून बघा. एका मुलाने आपल्या शाळेतल्या ५० मुलांची झोपेची वेळ विचारली, सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही त्या ५० उत्तरांवरून काढली, आणि "सरासरी आठ तास आहे का" हे तपासायचं ठरवलं. टी की झेड? आणि तक्त्यातली कुठली ओळ? उत्तर आहे टी, ४९ ची ओळ. तुमच्या तक्त्यात ४९ नसेल तर त्याच्या खालची, म्हणजे ४० ची ओळ घ्या. सीमा किंचित जास्त कडक लागेल, आणि चूक झालीच तरी ती सावधगिरीच्या बाजूने होईल.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.

(शेवटचं संगीत)